डिपेंडंट सोर्स ‘बंद’ केला आणि १.८ व्होल्ट आले

जर्नलच्या पानावर ‘थिअरीप्रमाणे १.८० व्होल्ट’ आणि शेजारी ‘प्रत्यक्षात २.९७ व्होल्ट’ असं लिहून झालं होतं. खाली ‘फरकाचं कारण’ या ओळीपुढे माझ्या बॅचमधल्या एका मुलीने लिहिलं होतं, रेझिस्टरचा टॉलरन्स. बोर्डवरचे रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्म होते, मी स्वतः लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. असल्या रेझिस्टरांनी दहा-वीस मिलिव्होल्ट, फार तर शे-सव्वाशे मिलिव्होल्ट इकडेतिकडे होतील. सव्वा व्होल्ट नाही.

दुसऱ्या वर्षाची इलेक्ट्रॉनिक्सची बॅच, तिसरं सेमिस्टर, ऑगस्टमधली दुपार. प्रयोग सुपरपोझिशनचा: एकेका सोर्सचं एकट्याचं उत्तर काढायचं आणि सगळ्या उत्तरांची बेरीज करायची. पावसाने मध्य रेल्वे रखडली होती आणि अर्धी मुलं प्रॅक्टिकल सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने आली. सुरुवातीला मी फळ्यावर जे समजावलं ते त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. त्यांच्या हातात होता फक्त प्रयोगाचा छापील कागद, आणि त्यावर मीच दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं वाक्य होतं: ‘एका वेळी एकच सोर्स चालू ठेवा, बाकीचे सगळे बंद करा.’ मुलांनी ते तंतोतंत पाळलं. त्या दुपारी बोर्डावर जे काही घडलं ते या एका वाक्यातून घडलं, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते आहे.

सर्किट लहान आहे. एक नोड, त्याला A म्हणू. A ला तीन वाटा येऊन मिळतात. पहिली वाट ३ व्होल्टच्या सप्लायकडून १० किलोओहममधून, दुसरी १.५ व्होल्टच्या सप्लायकडून १० किलोओहममधूनच. तिसरी वाट डिपेंडंट सोर्सकडून २० किलोओहममधून. हा डिपेंडंट सोर्स A चं व्होल्टेज पाहतो आणि ग्राउंडच्या तुलनेत बरोबर दुप्पट व्होल्टेज देतो. प्रत्यक्षात तो म्हणजे ७४१ हा ऑपअँप, नॉन-इन्व्हर्टिंग जोडणीत, दोन सारख्या १० किलोओहमच्या रेझिस्टरांनी गेन दोन केलेला. त्याला ट्रेनर किटवरचे अधिक-उणे १२ व्होल्ट दिलेले. नॉन-इन्व्हर्टिंग पिन करंट जवळजवळ ओढत नाही, त्यामुळे तो नोडला धक्का न लावता फक्त ‘बघतो’. डिपेंडंट सोर्स हाताने शिवता येईल अशा रूपात आणायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

A चं व्होल्टेज v धरलं, रेझिस्टन्स किलोओहममध्ये आणि करंट मिलिअँपिअरमध्ये घेतला, तर नोडचं समीकरण एका ओळीत होतं:

```
(3 - v)/10 + (1.5 - v)/10 + (2v - v)/20 = 0
```

म्हणजे ०.४५ = ०.१५ v, आणि v = ३ व्होल्ट. मीटरवरचे २.९७ बरोबर होते. चूक होती ती १.८० मध्ये.

तिने गणित असं केलं होतं. ३ व्होल्टचा सोर्स चालू, १.५ चा शॉर्ट, आणि ‘सगळे’ लिहिलंय म्हणून डिपेंडंट सोर्सही शॉर्ट. आता A पासून ग्राउंडला १०, १० आणि २० किलोओहमचे तीन साधे रेझिस्टर उरले: ०.३ भागिले ०.२५, म्हणजे १.२ व्होल्ट. मग फक्त १.५ चा सोर्स: ०.६ व्होल्ट. मग तिसऱ्या पायरीला दोन्ही सप्लाय बंद आणि डिपेंडंट सोर्स एकटा. इथे ती थोडा वेळ अडकली असणार, कारण पानावर खाडाखोड होती. नोडवर काहीच नाही तर v शून्य, v शून्य तर त्याची दुप्पटही शून्य. ‘डिपेंडंटमुळे ०’ असं लिहून तिने बेरीज केली: १.२ + ०.६ + ० = १.८.

ती म्हणाली, “मॅडम, नियम तर पाळलाय. मग डिपेंडंट सोर्स असून काहीच करत नाही असा त्याचा अर्थ झाला ना?”

मी तिला समीकरण पुन्हा मांडायला सांगितलं, पण यावेळी v असलेलं सगळं एका बाजूला घेऊन:

```
3/10 + 1.5/10 = v (1/10 + 1/10 - 1/20)
```

“आता डावीकडे काय आहे बघ. दोन सप्लाय. आणि डिपेंडंट सोर्स कुठे गेला?”

तो उजवीकडे गेला होता, रेझिस्टरांच्या कंसात, उणे एक-विसांश होऊन. सुपरपोझिशनचं मर्म एवढंच आहे. डावी बाजू म्हणजे बाहेरून सर्किटला दिलेला रेटा. तिचे तुकडे करून एकेका तुकड्याचं उत्तर काढता येतं आणि उत्तरांची बेरीज करता येते, कारण समीकरण रेषीय आहे. उजवीकडचा कंस म्हणजे सर्किट स्वतः. प्रत्येक तुकड्यासाठी तो तोच राहिला पाहिजे. डिपेंडंट सोर्स त्या कंसात आहे. त्याला बंद करणं म्हणजे कंसातला आकडा ०.१५ वरून ०.२५ करणं, आणि मग आपण दुसऱ्याच सर्किटचं उत्तर काढत बसतो.

“अगं, या नोडकडून पाहिलं तर तो उणे वीस किलोओहमचा रेझिस्टर आहे,” मी म्हटलं. “v वाढला की रेझिस्टर करंट ओढून घेतो, हा उलट नोडमध्ये करंट ढकलतो. सुपरपोझिशन करताना तू कधी मधला रेझिस्टर उपटून ठेवतेस का?”

तिने त्याच पानावर खाली नव्याने केलं. फक्त ३ व्होल्ट: ०.३ भागिले ०.१५, म्हणजे २ व्होल्ट. फक्त १.५: १ व्होल्ट. बेरीज ३. बोर्डवर मोजलं तेव्हा १.९८ आणि ०.९९ आले आणि दोन्ही चालू असताना २.९७. इथे टॉलरन्सबद्दलही एक गोष्ट दिसते. त्याने तिन्ही आकडे थोडे खाली आणले, पण बेरीज मोडली नाही. रेझिस्टर नेमके किती ओहमचे आहेत याच्याशी सुपरपोझिशनला देणंघेणं नाही. तिन्ही मोजमापांत ते तेच असले की झालं. म्हणून प्रयोगात थिअरी आणि प्रत्यक्ष यांची तुलना करण्याआधी मोजलेल्या आकड्यांची आपापसात बेरीज जुळते का ते बघावं. ती जुळत नसेल तर मोजमापांच्या मधे सर्किट बदललं आहे.

नेमकं तेच दुसऱ्या टेबलावर झालं होतं. तिथल्या दोघांनी डिपेंडंट सोर्सला हात लावला नव्हता, तरी त्यांच्या वहीत ५.६३ आणि २.९८ होते आणि एकत्र २.९७. दोन्ही भाग मिळून साडेआठ व्होल्ट, पूर्ण मात्र तीनच.

त्यांच्या टेबलाजवळ उभी राहून मी म्हटलं, “पुन्हा करून दाखवा.” मुलाने १.५ च्या सप्लायची लाल बनाना पिन उपसली आणि टेबलावर ठेवली. सप्लाय बंद झाला, असं त्याचं म्हणणं. पण पिन हवेत लटकल्यावर ती १० किलोओहमची वाटच तुटली. व्होल्टेज सोर्स बंद करणं म्हणजे त्याचं व्होल्टेज शून्य करणं, आणि दोन टोकांमध्ये शून्य व्होल्ट ठेवते ती तार. उपसलेल्या पिनेवर शून्य करंट असतो, शून्य व्होल्ट नाही. करंट सोर्स बंद करायचा असता तर उपसणंच बरोबर ठरलं असतं.

वाट तुटल्याने कंस ०.१५ ऐवजी ०.०५ झाला होता. २.९८ तिथूनच आले: ०.१५ भागिले ०.०५. दुसऱ्या मोजणीत त्याच हिशोबाने ०.३ भागिले ०.०५, म्हणजे ६ व्होल्ट यायला हवे होते, आले ५.६३. मी मीटरची प्रोब ऑपअँपच्या सहाव्या पिनवर लावली. तिथे १०.९ व्होल्ट. नोड ६ वर जायला आउटपुट १२ वर जावा लागतो, आणि १२ व्होल्टच्या सप्लायवर ७४१ तिथवर पोचत नाही, साधारण एक व्होल्ट आधीच थांबतो. सॅच्युरेशन झालं, आणि ‘दुप्पट देणारा’ सोर्स आता दुप्पट देत नव्हता. तिथे रेषीयता संपते आणि सुपरपोझिशनही. डिपेंडंट सोर्स वापरून हा प्रयोग करताना प्रत्येक मोजणीत ऑपअँपच्या आउटपुटवरही एकदा मीटर लावायचा, हे तेव्हापासून मी पक्कं केलं आहे. एका टोकाला थांबलेला आउटपुट दिसला की ती ओळ बाद.

मग सप्लाय कसा बंद करायचा? त्याचे दोन्ही लीड सप्लायवरून काढायचे आणि बोर्डवर त्यांच्या जागी तारेचा तुकडा लावायचा. आधी लीड काढायचे, मग तार. उलटं केलं तर चालू सप्लायच शॉर्ट होतो. नॉब शून्यावर आणणं किंवा बटण बंद करणं यावर मी भरवसा ठेवत नाही, आणि कारण सर्किटमध्येच आहे. फक्त ३ व्होल्ट चालू असताना नोड २ व्होल्टवर आहे, म्हणजे बंद केलेल्या सोर्समधून ०.२ मिलिअँपिअर उलट आत जायला हवा. टेबलावरचे बरेच सप्लाय करंट द्यायला बनवलेले असतात, आत घ्यायला नाही. पूर्ण सर्किटमध्येसुद्धा नोड ३ व्होल्टवर आणि सप्लाय १.५ वर, तेव्हा ०.१५ मिलिअँपिअर उलटाच जातो. म्हणून त्या सप्लायच्या टोकांवर मी १ किलोओहम कायमचा लावून ठेवते. त्यातून दीड मिलिअँपिअर वाहत असतो आणि उलटा येणारा करंट त्यातच जिरतो. पण सप्लायचं नुसतं बटण बंद केलं आणि तो आतून तुटल्यासारखा वागला, तर नोडला १० ऐवजी ११ किलोओहम दिसतात आणि २ ऐवजी २.१३ येतात. हा आकडा फसवा आहे. इतका जवळचा की टॉलरन्सच्या नावावर खपून जातो.

तिसऱ्या टेबलावरच्या मुलाला मात्र डिपेंडंट सोर्स ‘एकटा’ काय करतो ते बघायचंच होतं. त्याने दोन्ही सप्लायच्या पिना उपसल्या आणि ऑपअँप चालू ठेवला. मीटरवर अकराच्या आसपास व्होल्ट. सर्किटला कुणीही काही दिलेलं नाही आणि नोडवर अकरा व्होल्ट! “मॅडम, हा एकटा पण चालतो,” तो खूश होऊन म्हणाला.

दोन्ही सप्लायच्या जागी तारा लावल्या आणि मीटर शून्यावर आला, दोनेक मिलिव्होल्ट ऑफसेट सोडून. आधी अकरा का? दोन्ही १० किलोओहम हवेत गेल्यावर नोडला फक्त २० किलोओहममधून ऑपअँपचा आउटपुटच जोडलेला राहतो. नोडवर एक मिलिव्होल्ट आला तर आउटपुट दोन करतो, ते दोन परत नोडवर येतात, त्याचे चार होतात, आणि आउटपुट सॅच्युरेशनला जाऊन चिकटतो. पहिला धक्का कुठल्या दिशेचा यावर अधिक की उणे ते ठरतं. योग्य सर्किटमध्ये हे का होत नाही? कारण दोन्ही १० किलोओहम जागेवर असताना आउटपुटचा पाचवाच हिस्सा नोडवर पोचतो, त्याची दुप्पट ०.४, आणि एकाहून कमी असलेली फेरी आपोआप विझते. एक पिन उपसल्यावर ती ०.६७ होते, दोन्ही उपसल्यावर २.

संगणकावर हे कळत नाही, म्हणून ते सांगते. स्पाइस या सर्किट सोडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३ व्होल्ट एकटा असताना फाइल अशी असते:

```
* V1 alone
V1 p 0 3
R1 p a 10k
V2 q 0 0
R2 q a 10k
E1 e 0 a 0 2
R3 e a 20k
.op
.end
```

`V2` ची ओळ खोडायची नाही, किंमत 0 करायची. `E1` च्या ओळीला कुठल्याही पायरीत हात लावायचा नाही. उत्तर `v(a)` = 2. `V2` ची ओळ खोडली तर 6 येतात, कारण `E1` ला सॅच्युरेशन माहीत नाही. आणि दोन्ही सोर्सच्या ओळी खोडल्या तर स्पाइस शून्य सांगतो. समीकरणाचं तेच उत्तर आहे, पण तो शून्य टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखा आहे. बोर्डावर तो टिकत नाही.

आता त्या १.८ कडे परत. तिने काढलेले १.२ आणि ०.६ वाया गेलेले नाहीत, हे मी तिला त्याच दिवशी दाखवलं. जॉर्जिया टेकचे प्राध्यापक मार्शल लीच यांनी आग्रहाने मांडलेली एक रीत आहे: डिपेंडंट सोर्स बंद करून चालेल, पण त्याची पाळी येईल तेव्हा त्याची किंमत त्या पायरीतल्या तुटपुंज्या v ची दुप्पट न धरता शेवटच्या, पूर्ण v ची दुप्पट धरायची. म्हणजे तिसऱ्या पायरीत तो 2v किमतीचा, आपल्याला अजून माहीत नसलेला, पण शून्य नसलेला सोर्स. त्याच्यामुळे नोडवर 2v चा पाचवा हिस्सा येतो, म्हणजे 0.4v. मग:

```
v = 1.2 + 0.6 + 0.4v
0.6v = 1.8
v = 3
```

तिची चूक फक्त तिसऱ्या पायरीत होती, जिथे तिने ‘आत्ता v शून्य आहे’ असं धरलं. ही रीत बरोबर आहे आणि कधी कधी गणित लहान करते, कारण प्रत्येक पायरीत साधे रेझिस्टरच उरतात. तरीही पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी ती सांगत नाही. पूर्ण v आणि त्या पायरीतला v यांना एकच अक्षर वापरलं की घोटाळा झालाच. डिपेंडंट सोर्स जागेवर ठेवून करण्याची सवय पक्की झाल्यावर सांगते.

त्या सर्किटमधली एक जागा मला फार आवडते, ती ३ व्होल्टच्या सोर्सजवळच्या १० किलोओहमची. नोडही ३ वर, सोर्सही ३ वर, त्यामुळे या रेझिस्टरमधून काहीच वाहत नाही. पण भागांमध्ये बघितलं तर पहिल्या पायरीत त्यावर १ व्होल्ट, दुसऱ्या पायरीत उलट्या दिशेने १ व्होल्ट. व्होल्टेजची बेरीज शून्य, बरोबर. पॉवर मात्र दोन्ही पायऱ्यांत प्रत्येकी ०.१ मिलिवॅट निघते, आणि तिची बेरीज केली तर ज्या रेझिस्टरमधून करंटच जात नाही त्यावर ०.२ मिलिवॅट लागतात. पॉवर वर्गात जाते, म्हणून तिची बेरीज करायची नाही. आधी व्होल्टेज जोडायचं, मग पॉवर. हे विधान मुलं पाठ करतात, पण त्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर प्रोब ठेवून मीटरवर शून्य बघितल्यावर कुणाला पाठ करावं लागलं नाही.

एक प्रश्न त्या मुलीने विचारला तो मला त्या दुपारचा सगळ्यात चांगला वाटला. “मॅडम, मग अधिक-उणे बारा व्होल्ट? ते तर खरे इंडिपेंडंट सोर्स आहेत. ते का नाही बंद करायचे?”

ते सोर्स आहेत हे खरं. पण आपण बोर्डवरच्या आठ पायांच्या चिपऐवजी कागदावर ‘दुप्पट देणारा सोर्स’ म्हणून हिऱ्याच्या आकाराची खूण काढली, तेव्हाच ते त्या हिऱ्याच्या आत गेले. चिप दुप्पट देते ती त्यांच्या जोरावर. ते काढले तर डिपेंडंट सोर्सची किंमत शून्य होत नाही. डिपेंडंट सोर्सच उरत नाही. उरते एक वीज नसलेली चिप, जिच्या आतल्या जंक्शनमधून नोडचं व्होल्टेज वाट शोधतं, आणि मीटरवर १.२ ही येत नाहीत आणि २ ही येत नाहीत. पुढच्या सेमिस्टरला हाच प्रश्न ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरमध्ये येतो. तिथे सिग्नलचं गणित करताना आपण कलेक्टरचा सप्लाय शॉर्ट धरतो आणि इनपुट व्होल्टेजच्या `gm` पट करंट देणारा डिपेंडंट सोर्स मात्र ठेवतो. तो `gm` त्याच सप्लायने बसवलेल्या करंटमधून आलेला असतो: १ मिलिअँपिअरला, खोलीच्या तापमानाला, साधारण ३९ मिलिसिमेन्स. कागदावर सप्लाय शून्य करता येतो, कारण त्याचं काम `gm` मध्ये आधीच जमा आहे. टेबलावर तो बंद केला तर `gm` सुद्धा जातो. आउटपुट रेझिस्टन्स काढतानाही हाच न्याय: इनपुटचा सिग्नल सोर्स शून्य करायचा, `gm` चा सोर्स जागेवर.

कागदावरचं ते वाक्य मी त्याच संध्याकाळी बदललं. आता तिथे असं आहे: ‘एका वेळी एकच इंडिपेंडंट सोर्स ठेवा. बाकीचे इंडिपेंडंट व्होल्टेज सोर्स काढून त्यांच्या जागी तार लावा. करंट सोर्स असेल तर नुसता काढा. ऑपअँप, त्याचे रेझिस्टर आणि त्याचे अधिक-उणे १२ व्होल्ट यांना प्रयोग संपेपर्यंत हात लावू नका.’ आणि तक्त्यात दोन नवे रकाने घातले. एक ऑपअँपच्या आउटपुटसाठी. दुसरा, दोन्ही सप्लायच्या जागी तारा लावून घ्यायच्या मोजणीसाठी, जिथे शून्य आलं नाही तर पुढची एकही मोजणी घ्यायची नाही.